एकाच चेंडूला तीन खुणा

फोंड्याजवळच्या मैदानावर रविवारी मी स्कोअर लिहीत होतो. शेजारी माझी भाची बसली होती, पहिल्यांदाच पूर्ण सामना बघत होती. तिच्यासाठी मी पंचांच्या खुणांचा एक तक्ता काढून तंबूच्या खांबाला टाचला होता. दहाव्या षटकात कीपरला चकवून एक चेंडू सीमारेषेपार गेला आणि पंचांनी आमच्याकडे तोंड करून एकामागून एक तीन खुणा केल्या. तिने तक्ता बघितला, मग मला विचारलं, "मामा, चेंडू एकच, मग हात तीनदा कशाला?"

तक्त्यातली ती तीन चित्रं आणि त्यांखालच्या ओळी अशा होत्या :

एक हात खांद्याच्या रेषेत आडवा : नो बॉल.
उघडा पंजा डोक्यावर उंच : बाय. चेंडू बॅटला नाही, अंगालाही नाही.
हात छातीसमोर डावी-उजवीकडे हलवून शेवटी छातीवर आडवा : चौकार.

नवीन प्रेक्षकाला वाटतं की पंच हे हात लोकांसाठी हलवतात. खरं तर बहुतेक खुणा मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेल्या गुणलेखकासाठी असतात. तिथून चेंडू बॅटची कड घेऊन गेला की नुसताच गेला, हे डोळ्यांना कळत नाही. पंचाला ते दिसतं, आणि आवाजही ऐकू येतो.

नो बॉलची खूण दोनदा होते. चेंडू चालू असताना पंच ओरडून हात आडवा करतात, तो खेळाडूंसाठी. चेंडू 'डेड' झाला की तीच खूण गुणलेखकाकडे बघून पुन्हा. वाइडचे दोन्ही आडवे हात आणि डेड बॉलची मनगटं कमरेखाली एकमेकांवरून नेण्याची खूण यांचंही तसंच. बाद दिल्याचं बोट मात्र पुन्हा दाखवावं लागत नाही. एकाच चेंडूवर अनेक गोष्टी घडल्या तर खुणा घडलेल्या क्रमाने द्यायच्या, असा नियम आहे. म्हणून आमच्या चेंडूला आधी नो बॉल, मग बाय, मग चौकार.

मी वहीत काय लिहिलं? नो बॉलची 1 धाव आणि बायच्या 4, एकूण 5. सगळ्या अवांतर. फलंदाजाला शून्य. गोलंदाजाच्या नावावर फक्त ती 1, कारण बायच्या धावा त्याच्या खात्यात धरत नाहीत.

आता समजा, पंच मधली बायची खूण विसरले. मग मला दिसलं असतं ते नो बॉल आणि चौकार. मी फलंदाजाला 4 दिल्या असत्या, गोलंदाजाच्या खात्यात 5 टाकल्या असत्या, आणि संघाची धावसंख्या तरीही 5 नेच वाढली असती. षटक संपल्यावर आम्ही दोघे गुणलेखक ताळा जमवतो : फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण. तो ताळाही जुळला असता, कारण दोघांनीही एकच खूण बघितली. फलकावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. फक्त एका माणसाला न केलेल्या चार धावा मिळतात आणि दुसऱ्याच्या माथी न दिलेल्या चार बसतात. म्हणून तो उघडा पंजा मला सगळ्या खुणांत फार मोलाचा वाटतो.

वाइडचं गणित वेगळं, आणि इथे नवखे हमखास चुकतात. वाइड चेंडू असाच सीमारेषेपार गेला तर मध्ये बाय नसतो. दोन्ही हात आडवे, मग चौकार, एवढंच. पाचही धावा वाइडच्या, आणि पाचही गोलंदाजाच्या खात्यात.

खांद्याच्या खुणा दुरून सारख्याच भासतात, त्यामुळे तक्त्यात त्या मी शेजारी-शेजारी काढल्या. हात कोपरात वाकवून त्याच बाजूच्या खांद्याला बोटांची टोकं लावली तर धाव अपुरी, म्हणजे एक वजा. एक तळवा समोरच्या खांद्यावर थोपटत राहिला तर फलंदाजी करणाऱ्या संघाला दंडाच्या 5 धावा. तोच तळवा नुसता ठेवला तर त्या 5 क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला. दोन्ही हात छातीवरून फुलीसारखे नेऊन दोन्ही खांदे धरले, तर आधीची खूण रद्द. पंचांनी चौकार फलंदाजाचा म्हणून दाखवला आणि नंतर लक्षात आलं की चेंडू पॅडला लागून गेला होता, तर आधी दोन्ही खांदे, मग गुडघा उचलून त्याला हात लावायचा, ती लेग बायची खूण, आणि मग पुन्हा चौकार.

भाचीचा पुढचा प्रश्न माझ्याबद्दल होता : "तू का मध्ये मध्ये हात वर करतोस?" प्रत्येक खुणेला गुणलेखकाने वेगळी पोच द्यायची असते, आणि ती मिळेपर्यंत पंचांनी खेळ पुढे न्यायचा नसतो. त्या चेंडूला मी तीनदा हात वर केला, आणि तिसऱ्यानंतरच गोलंदाज धावायला वळला.