परदेशी जाताना तो छोटा फॉर्म

“परदेशी जाताना विमानतळावर तो छोटा फॉर्म भरावा लागतो ना? त्यासाठीच तास-दीड तास जास्त ठेवायचा?”

नाही. भारतीयांसाठी विमानतळावरचं डिपार्चर कार्ड 1 जुलै 2017 पासून बंद झालं. बंदर, रेल्वे किंवा रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्यांसाठी तेव्हा ते तसंच ठेवलं होतं, म्हणून गोंधळ टिकला असावा.

आता काउंटरवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवायचा. कुठे, कशासाठी, किती दिवस, एवढंच बहुतेक विचारतात. व्हिसा पर्यटनाचा आणि उत्तर “नोकरी बघायला” असं असेल, तर मात्र अडवतात. ईसीआर म्हणजे “एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड” असा शिक्का असलेल्या पासपोर्टवर आखातात नोकरीला निघालेल्यांकडे एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जायची सरकारी परवानगी, मागतात.

वेळ जातो तो रांगेत. मुंबईहून रात्री अडीचचं विमान धरा: चेक-इन साधारण दीडला बंद, गेट दोननंतर लगेच. अकरा-साडेअकराला पोहोचलात तर बॅग देऊन इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीसाठी मिळून दीड तास उरतो. मध्यरात्री आखात-युरोपची विमानं एकापाठोपाठ सुटतात, तेव्हा तो लागतोच. आणि तिकिटावरची तारीख नीट बघा. पंधरा तारखेच्या अडीचसाठी घरून चौदालाच निघायचं असतं.