कापसाचा हंगाम आणि रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद

दसरा उलटला की परभणी जिल्ह्यातल्या मानवत-सेलूकडे कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि तिथल्या बँकांच्या शाखांतली रोकड आटू लागते. जिनिंगवाला आता पैसे खात्यावर टाकतो, पण वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबाने रोखच द्यावी लागते, त्यामुळे खात्यावर आलेली रक्कम दोन-चार दिवसांत नोटांच्या रूपाने बाहेर पडते. या नोटा येतात कुठून, या साध्या प्रश्नातून रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद फार चांगला समजतो.

शाखेला रोकड पुरवणारी तिजोरी, म्हणजे करन्सी चेस्ट, एखाद्या व्यापारी बँकेच्या इमारतीत असली तरी तिच्यातल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्याच मालकीच्या असतात. बंद तिजोरीतली पाचशेची नोट हिशेबाच्या दृष्टीने चलनात आलेलीच नसते. समजा, हंगामात बँकांनी अशा तिजोऱ्यांतून 60 कोटी रुपये उचलले. हजार नोटांच्या एका बंडलात पाचशेच्या नोटांचे 5 लाख होतात, म्हणजे ही 1,200 बंडले झाली. ती तिजोरीबाहेर निघाली की रिझर्व्ह बँकेतल्या त्या बँकांच्या खात्यांतून 60 कोटी वजा होतात आणि चलनातल्या नोटा 60 कोटींनी वाढतात. बँकांची ही शिल्लक आणि चलनातल्या नोटा या दोन्ही बाबी रिझर्व्ह बँकेची देणीच आहेत. एक देणे घटले, दुसरे तेवढेच वाढले. मालमत्तेच्या बाजूला काहीच हलले नाही आणि ताळेबंदाची बेरीज होती तेवढीच राहिली.

इथे ‘राखीव’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. वर्तमानपत्रे जिला परकीय चलनाची गंगाजळी म्हणतात, ती परकीय चलनाची राखीव रक्कम रिझर्व्ह बँकेची मालमत्ता आहे. बँकांची राखीव शिल्लक, म्हणजे रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवरची रक्कम, मात्र रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. नाव एकच, पण बाजू विरुद्ध. माझ्या मते मराठीत या दोहोंना वेगळे शब्द रूढ व्हायला हवे होते.

बेरीज बदलली नाही तरी बँकांची अडचण खरी असते. ठेवींच्या ठरावीक प्रमाणात त्यांना रिझर्व्ह बँकेत शिल्लक ठेवावीच लागते. हे प्रमाण 2025 मध्ये चार टप्प्यांत 4 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. अशा कपातीने शिल्लक वाढत नाही, आहे त्या शिलकीतला बांधलेला भाग फक्त मोकळा होतो. नोटांमुळे सगळ्यांचीच शिल्लक घटली, तर एकमेकांकडून उसने घेऊन भागत नाही, कारण एका बँकेची भर ही दुसरीची तूट असते. मग एका रात्रीच्या कर्जाचा व्याजदर चढू लागतो. टंचाईची पहिली खूण हीच.

आता रिझर्व्ह बँक खुल्या बाजारात 60 कोटींचे सरकारी रोखे बँकांकडून विकत घेते. तिच्या मालमत्तेत 60 कोटींचे रोखे येतात आणि त्यांची किंमत ती विकणाऱ्या बँकांच्या खात्यांत जमा करते. हे पैसे ती कुठून आणत नाही. खात्यातली ती नोंद म्हणजेच पैसा. या वेळी दोन्ही बाजू 60 कोटींनी वाढतात. दोन्ही पायऱ्या एकत्र पाहिल्या तर बँकांची शिल्लक मूळ जागी आलेली, नोटा 60 कोटींनी वाढलेल्या आणि त्यांच्यासमोर तेवढेच रोखे, असे चित्र दिसते. रोखेखरेदीला ‘नोटा छापणे’ म्हणण्याची सवय आहे, पण या उदाहरणात नोटा मजुरीसाठी आधीच बाहेर पडल्या होत्या आणि खरेदी नंतर झाली.

तरीही हंगामी गरजेसाठी कायमची खरेदी हा जरा जड उपाय वाटतो, कारण हंगाम सरला की किराणा दुकानांतून, खत-बियाण्यांच्या भरण्यातून नोटा बँकेत परततात, तिजोरीत जाऊन चलनातून वजा होतात आणि बँकांच्या शिलकीत पुन्हा 60 कोटी येतात. रोखे मात्र रिझर्व्ह बँकेकडेच राहिलेले असतात, म्हणून ही शिल्लक आता जास्तीची ठरते. ती बँकांनी 2022 पासून उपलब्ध असलेल्या स्थायी ठेव सुविधेत, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडेच व्याजावर, ठेवली, तर देण्यांच्या एका रकान्यातून दुसऱ्यात जाते, बेरीज कमी होत नाही.

त्याऐवजी रेपोने, म्हणजे रोखे तारण घेऊन, 14 दिवसांसाठी 60 कोटी दिले, तर मालमत्तेत रोख्यांऐवजी कर्ज दिसते आणि मुदतीला ते आपोआप मिटते. दर 6 टक्के धरला तर बँकांच्या खात्यांतून परतफेडीला 60 कोटी आणि व्याजाचे सुमारे 13 लाख 81 हजार रुपये जातात. कर्ज 60 कोटींनीच घटते. व्याजाएवढी शिल्लक कायमची कमी होते आणि ती रिझर्व्ह बँकेच्या उत्पन्नात जमा होते. नोटा परतायला महिने लागणार असतील, तर रेपो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

परत आलेल्या नोटांपैकी घामाने, मातीने मळलेल्या पुढे यंत्रात बारीक तुकडे होऊन नष्ट होतात. त्या दिवशी ताळेबंदातले देणे एका रुपयानेही बदलत नाही, कारण त्या नोटा तिजोरीत शिरल्या तेव्हाच देण्यांतून उतरलेल्या असतात.