निवृत्तिवेतन रखडले असेल तर तक्रार अर्जात काय लिहावे

निवृत्त होऊन आठ-नऊ महिने झाले तरी पेन्शन सुरू नाही, म्हणून लोक अर्ज करतात. बहुतेक अर्जांत एकच वाक्य असते: "मला अद्याप निवृत्तिवेतन मिळालेले नाही, तरी न्याय मिळावा." त्यावर कार्यालयाचे उत्तर ठरलेले असते, "प्रस्ताव सादर केला आहे". तेवढ्यावर तक्रार निकाली निघते आणि माणूस होता तिथेच राहतो. फाईल नेमकी कोणाच्या टेबलावर अडली आहे हे अर्जात नसले की असेच होते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याचा प्रस्ताव आधी कार्यालयप्रमुख तयार करतात, मग तो महालेखापालांकडे जातो. विदर्भ आणि मराठवाड्याची प्रकरणे नागपूरला, बाकीची मुंबईला. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी आपल्या आस्थापना शाखेत जाऊन दोन गोष्टी लिहून घ्या: प्रस्ताव पाठवल्याचा जावक क्रमांक व दिनांक, आणि महालेखापालांकडून आक्षेप लावून प्रस्ताव परत आला आहे का. तोंडी उत्तरावर विसंबू नका. "वर पाठवलंय" असे सांगितले जाते आणि आक्षेपाचे पत्र त्याच कपाटात पडून असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पत्राची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील एक लिपिक 31 मे 2024 रोजी निवृत्त झाले. प्रस्ताव निवृत्तीआधीच जायला हवा होता, तो गेला 18 सप्टेंबरला. 12 नोव्हेंबरच्या पत्राने तो परत आला, कारण सहाव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शेरा सेवापुस्तकात नव्हता. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. सेवापुस्तक कार्यालयाच्या ताब्यात असते, ते पथकाकडे पाठवण्याचे काम कार्यालयाचे, आणि हेलपाटे मात्र निवृत्त माणूस मारतो. यांचा अर्ज असा लिहावा:

"विषय: निवृत्तिवेतन प्रकरणातील विलंबाबाबत.
संदर्भ: 1) आपल्या कार्यालयाचे जावक पत्र क्र. … दि. 18/09/2024. 2) महालेखापाल, नागपूर यांचे आक्षेप पत्र क्र. … दि. 12/11/2024.
मी दि. 31/05/2024 रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. संदर्भ 2 मधील आक्षेपाची पूर्तता आज दि. 10/03/2025 पर्यंत झालेली नाही. तरी माझे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे कोणत्या दिनांकास पाठवले ते लेखी कळवावे. पाठवले नसल्यास तात्काळ पाठवावे. नियम 126 नुसार तात्पुरते निवृत्तिवेतन मंजूर करावे. विलंब प्रशासकीय असल्याने नियमानुसार व्याज मिळावे."

ज्या नियमांचा आधार घ्यायचा ते महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982. तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची मागणी आवर्जून करा, कारण ते कार्यालयप्रमुखच मंजूर करतात, त्यासाठी महालेखापालांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ही मागणी अर्जात नसली तर आपणहून कोणी आठवण करून देत नाही. व्याजाची तरतूद नियम 129-अ (उपदान) आणि 129-ब (निवृत्तिवेतन) मध्ये आहे. मात्र विलंब प्रशासनामुळे झाला हे सिद्ध व्हावे लागते, म्हणून तर अर्जात तारखा हव्यात. ना-देय प्रमाणपत्र तुम्हीच उशिरा दिले असेल, तर त्या काळाचे व्याज मिळेल असे धरून चालू नका.

सोबत निवृत्ती आदेश, दोन्ही संदर्भ पत्रे आणि ना-देय प्रमाणपत्र यांच्या छायाप्रती जोडा. मूळ कागद देऊ नका.

आता अर्ज कुठे द्यायचा? कृपा करून लोकशाही दिनाला जाऊन महिना घालवू नका. तिथे सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक बाबी स्वीकारत नाहीत, आणि बरेच जण रांगेत उभे राहून हेच ऐकून परततात. पहिला अर्ज कार्यालयप्रमुखांना आणि प्रत त्यांच्या वरिष्ठ कार्यालयाला. जिल्ह्यात किंवा विभागात पेन्शन अदालत जाहीर झाली की तिथेही हाच अर्ज द्या. महालेखापालांचे कार्यालय राज्य शासनाच्या अखत्यारीत नाही, त्यामुळे प्रकरण खरोखर नागपूरला पडून असेल तर राज्याच्या तक्रार पोर्टलवर लिहून उपयोग होत नाही. थेट त्यांच्या तक्रार कक्षाला लिहा. पण वरच्या उदाहरणात चूक नागपूरची नाही, कार्यालयाची आहे. तिथे तक्रार नागपूरला केली तर "आक्षेप कळवला आहे" एवढेच उत्तर येईल.

अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढचा अर्ज लिहाल तेव्हा संदर्भ 3 म्हणून हाच क्रमांक टाकायचा आहे.