रेडकू-संगोपन (कोकण)

दुभत्या म्हशीपासून झालेले नर वासरू मांसासाठी किंवा जोताला लावण्यासाठी वाढवण्याचा व्यवसाय. गाईच्या गोऱ्ह्याचाही विचार याच सदराखाली केला जातो, पण त्याची वाट कायद्याने वेगळी केली आहे. पालघर, ठाणे व रायगड या उत्तर कोकणातील जिल्ह्यांत हा व्यवसाय प्रामुख्याने म्हशीच्या रेडकाशी निगडित आहे.

*कायदा व संज्ञा.* ‘रेडकू’, ‘पारडू’, ‘टोणगा’, ‘हल्या’ आणि ‘रेडा’ हे शब्द बोलण्यात सैल वापरले जातात. साधारणपणे दूधपित्या पिल्लाला रेडकू किंवा पारडू, वाढत्या नराला टोणगा आणि पूर्ण वाढलेल्या वळूला रेडा म्हणतात. कामाच्या नराला काही भागांत हल्या म्हणतात. या छटांना व्यवहारात किंमत आली ती महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, 1976मुळे. या अधिनियमातील ‘गाय’ या संज्ञेत तिचे नर व मादी वासरूही येते, त्यामुळे गोऱ्ह्याच्या कत्तलीवर पूर्वीपासूनच बंदी होती. 1995च्या सुधारणेला 2015मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि वळू व बैल यांनाही ती लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2016मध्ये ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरील बंधन मात्र रद्द केले.

म्हैसवर्गाची स्थिती निराळी आहे. म्हैस व म्हशीचे वासरू यांची कत्तल प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही. जनावर ओढकामाला, पैदाशीला किंवा दुधाला उपयोगी असेल वा पुढे होण्याजोगे असेल, तर प्रमाणपत्र नाकारता येते. मग रेडकू ‘वासरू’ राहायचे कधी थांबते? काही जण दातांवरून ठरवतात, काही वजनावरून. कायद्याचा रोख वयापेक्षा उपयुक्ततेवर आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही विकणाऱ्याला दात दाखवावेच लागतात, हे व्यवहाराचे सत्य आहे.

*जादा का ठरते.* मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी वाढलेल्या तबेल्यांत (आरे दुग्ध वसाहत 1949 सालची) व्यालेल्या म्हशी बाहेरून आणल्या जात. तेथे नर पिल्लाचा उपयोग पान्हा सोडवण्यापुरताच असे. पिल्लू मेले तर त्याच्या कातडीत पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करण्याचा प्रकारही जुन्या तबेल्यांत प्रचलित होता. रेडकाने प्यालेले दूध विकता आले असते, हा हिशेब साधा होता; त्यामुळे बहुतेक रेडकी पहिल्या काही आठवड्यांत उपासमारीने मरत. अकराव्या पंचवार्षिक योजनेत अशी रेडकी वाचवून वाढवण्यासाठी केंद्राने स्वतंत्र योजना आखली. तिच्या मुळाशी हीच मरतूक होती.

*पहिले तीन महिने.* नफा-तोटा येथेच ठरतो. जन्मल्यावर शक्यतो पहिल्या तासाभरात चीक पाजावा, आणि चोवीस तासांत वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका पोटात जावा. म्हणजे 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. पुढचा महिनाभर दूधही याच प्रमाणात द्यावे, नंतर कमी करत न्यावे. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि कोवळे गवत पुढे ठेवावे, कारण चारा पचवणारे कोठीपोट केवळ दुधावर तयार होत नाही.

रेडकाचा खास शत्रू म्हणजे मोठे गोलजंत. ते आईच्या दुधातून येतात, म्हणून गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी टळत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची हगवण मातकट, चिकट व उग्र वासाची झाली, पोट सुटले आणि केस राठ झाले, तर संशय यावा. पायपराझिनचा पहिला डोस दहाव्या दिवसाच्या आसपास व दुसरा साधारण तिसऱ्या आठवड्यात, पशुवैद्याने वजन पाहून द्यावा. संडास रक्ताळ असेल तर बहुधा कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी असतो. त्यावर जंताचे औषध उपयोगी पडत नाही. कोकणात पुष्कळशा म्हशी पावसाळ्यात व त्यानंतर वितात, त्यामुळे ओल्या जमिनीवर बसलेल्या पिल्लाला न्यूमोनिया होतो. फळ्यांचा उंचवटा आणि कोरडा पेंढा एवढ्यानेही बरीच पिल्ले वाचतात.

*पुढील चारा.* कोकणात भाताचा पेंढा मुबलक असला तरी त्यात प्रथिने फार कमी असतात. नुसत्या पेंढ्यावर रेडकू जगते, वाढत नाही. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवतात. हा पेंढा उन्हाळ्यात उत्तम होतो. पावसाळ्यात झाकण गळले की बुरशी धरते. सहा महिन्यांखालील पिल्लाला तो देऊ नये. भातखाचरातील गोगलगायींमुळे पर्णकृमी होतात, आणि जबड्याखाली सूज आली की रोग बराच पुढे गेलेला असतो.

*खर्च.* पुढील हिशेब नमुन्याचा असून दर गृहीत धरले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत 180 लिटर दूध, 50 रुपये दराने 9,000 रुपये. तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत 90 किलो खुराक, 2,700 रुपये. त्यानंतर वर्षभर रोज 1 किलो खुराक, 28 रुपये दराने सुमारे 10,200 रुपये. पेंढा विकत घेतल्यास 6,100 रुपये, औषध 800 रुपये. एकूण सुमारे 28,800 रुपये. सहाव्या महिन्यात 90 किलो आणि त्यापुढे रोज 400 ग्रॅम वाढ धरली, तर दीड वर्षात वजन 235 किलोच्या आसपास जाते; जिवंत वजनाला 110 रुपये भाव मिळाल्यास 25,900 रुपये येतात. म्हणजे तोटा.

पंधरा दिवसांनंतर दुधाऐवजी दूधभुकटीचे पर्यायी खाद्य दिले, तर दुधाचा खर्च साधारण 5,700 रुपयांवर येतो आणि तोटा मिटतो. पेंढा स्वतःच्या भातशेतीचा असेल तरच 6,000 ते 6,500 रुपये सुटतात, तेही मजुरी न धरता. त्यामुळे वरकस जमीन व भातशेती असलेल्या घरालाच हा धंदा मानवतो. तबेल्यात तो परवडत नाही.

*विक्रीचे वय.* मांसासाठी 18 ते 24 महिने सोयीचे समजले जातात. त्यापुढे खाल्लेला खुराक मांसापेक्षा चरबीत अधिक जातो. बाजारात वय ‘आदत’ म्हणजे फक्त दुधाचे दात असलेले, ‘दोन दाती’ असे सांगतात. म्हशीत पहिले कायमचे दात साधारण अडीच-तीन वर्षांनी येतात, म्हणून आदत जनावराचे नेमके वय दातांवरून कळत नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रेचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. मुंबईचा देवनार कत्तलखाना 1971 सालचा.

*ओढकाम.* यासाठी रेडकू तीन वर्षांपर्यंत ठेवावे लागते. दोन-अडीच वर्षांनी खच्चीकरण व शिकवणी. चिखलणीत रेडा बैलापेक्षा चांगला चालतो, पण उन्हात लवकर थकतो. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड ठेंगणे असल्याने जू मागे सरकते, आणि पॉवर टिलर आल्यावर त्याला मागणीही उरली नाही. दक्षिण कोकणात हे काम लहान चणीच्या स्थानिक गुरांकडे होते. 2018च्या सुमारास ‘कोकण कपिला’ ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली गेली. पूर्वी ही गुरे निकृष्ट चाऱ्याने खुरटलेली गावठी मानली जात. नोंदणीनंतर ते मत मागे पडले आहे.