पोट भरलेलं की रिकामं? तान्ह्या बाळाचा एमआरआय

समजा, अक्कलकोटच्या एका घरातलं अडीच महिन्यांचं बाळ उद्या अकरा वाजता मेंदूच्या एमआरआयसाठी सोलापूरला न्यायचंय. आजी म्हणते, "लेकराला उपाशी नेऊ नका." शेजारीण सांगते, "असल्या तपासणीला उपाशीच न्यावं लागतं." दोघींचंही बरोबर असू शकतं, कारण बाळाला मशीनमध्ये निजवायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींत पोटाचा हिशेब उलटा आहे. म्हणून तारीख घेतानाच विचारायचं: दूध पाजून निजवणार की औषध देऊन?

पहिली रीत साधी आहे: पोटभर पाजायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि नैसर्गिक झोपेत तपासणी उरकायची. साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांना ही चांगली लागू पडते. काही बाळं सहा महिन्यांपर्यंतही साथ देतात. इथे सगळं वेळेवर अवलंबून असतं. आपल्या बाळाला सकाळी साडेसातच्या सुमारास पाजलं, की पुढचं दूध थेट दवाखान्यात, साडेदहाच्या आत. मधल्या तीन तासांत भूकही लागावी आणि डोळेही जड व्हावेत. घात होतो तो एसटीत. गाडीच्या हेलकाव्यांनी बाळ तासभर गाढ झोपतं आणि दवाखान्यात पोचल्यावर टक्क डोळ्यांनी दिव्यांकडे बघत बसतं. तेव्हा वाटेत टोपडं काढा, तळवे चोळा, बोलत राहा. थोडं रडलं तरी चालेल.

पाजण्याआधीच बाकीची कामं उरकायची, म्हणजे नंतर बाळाला हात लावावा लागत नाही. वाळे, मनगट्या, करगोटा, कानातली बाळी, ताईत, सगळं घरीच उतरवून ठेवा. झबल्याची टिचबटणंही धातूची असू शकतात. नाडीचं सुती झबलं बरं. काजळ आणि तीट पुसून टाका, कारण काही काजळांत धातूचे कण असू शकतात. लोखंड मशीनमधल्या चुंबकाकडे खेचलं जातं. सोनंचांदी खेचली जात नाही, पण तापू शकते आणि चित्र बिघडवते. आई आत थांबणार असेल तर मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. म्हणून बाळाच्या कानात मऊ बोळे आणि वरून कान झाकणारं आवरण, अशी दुहेरी सोय करतात. ऑक्सिजन मोजणारी पट्टीही तेव्हाच पायाला लागते. दुपटं पातळ सुती हवं. सोलापुरी चादर कितीही आपली असली तरी इथे नको: मशीनच्या लहरींनी अंग थोडं तापतंच, त्यात जाड चादरीत बाळ घामाघूम होऊन उठतं. हात अंगाशी बांधा, पण मांड्या हलायला मोकळ्या ठेवा.

मग पाजा, ढेकर काढा आणि थांबा. या वयात झोपेची सुरुवातच चुळबुळीच्या टप्प्याने होते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, अंग दचकतं. वीसेक मिनिटांनी श्वास संथ आणि एकसारखा होतो. हात उचलून सोडला की गळून पडला, तर समजा वेळ झाली. घाईने आत नेलेलं बाळ पहिल्याच ठकठकाटाला जागं होतं. मान किंचित हलली तरी चित्रात सावल्या उमटतात, म्हणून तंत्रज्ञ सर्वांत गरजेची चित्रं आधी काढून घेतात.

एवढं करूनही बाळ उठलं, तर "आता औषध देऊन टाका" असा आग्रह धरू नका. गुंगीत घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया ढिली पडते आणि पोटातलं दूध वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून औषधाआधी आईच्या दुधाला साधारण चार तास आणि डब्याच्या किंवा गाईच्या दुधाला सहा तास झालेले लागतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळायची. आजीने मायेपोटी चमचाभर घुटी दिली असेल तर तीही सांगा. तारीख पुढे गेली तरी चालेल. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेही आधीच सांगा. अशा बाळांचा श्वास भुलीनंतर काही तासांनीही मध्येच थांबू शकतो, म्हणून त्यांना जास्त वेळ, कधी रात्रभरही, देखरेखीखाली ठेवतात. आणि झोपेचं कुठलंही औषध घरून पाजून आणू नका.

औषध दिलेलं बाळ पुरतं जागं होऊन नीट दूध पिईपर्यंत दवाखान्यातून हलायचं नाही. झोपेच्या काही सिरपांची गुंगी तासन्‌तास रेंगाळते. परतीच्या एसटीत त्याची हनुवटी छातीवर पडली तर श्वासनलिका दबते. त्यामुळे येताना जागं ठेवलेलं हे बाळ जाताना झोपलं तरी हरकत नाही, पण मान सरळ ठेवून घ्यायचं, तोंडावर पदर ओढायचा नाही आणि दोघांपैकी एकाने अक्कलकोट येईपर्यंत त्याच्या छातीवरची नजर हलवायची नाही. ओठ निळसर दिसले किंवा हलवूनही जाग आली नाही, तर वाटेतला सर्वांत जवळचा दवाखाना गाठायचा.