शैक्षणिक संकेतन आणि विभाजक समतोल

नोकरीवर माणूस घेताना तो किती कामाचा आहे हे मालकाला नेमके कळत नाही. उमेदवाराला मात्र स्वतःची कुवत बऱ्यापैकी ठाऊक असते. माहितीच्या या असमानतेत उमेदवाराने मिळवलेली पदवी मालकाला न दिसणाऱ्या गुणाचा अंदाज देते. पदवीच्या या कार्याला शैक्षणिक संकेतन म्हणतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मधील लेखात हा विचार मांडला. असमान माहिती असलेल्या बाजारपेठांच्या अभ्यासासाठी २००१ साली त्यांना जॉर्ज अकेरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्पेन्स यांनी मुद्दाम एक टोकाचे गृहीतक घेतले : शिक्षणाने कामगाराची उत्पादकता अजिबात वाढत नाही. शाळा-महाविद्यालयात काही शिकवले जात नाही, असे त्यांना म्हणायचे नव्हते. शिकण्याचा फायदा पूर्ण वजा केला तरी पदवीला बाजारात जास्त पगार मिळू शकतो का, हे त्यांना तपासायचे होते. मिळू शकतो, पण एका अटीवर : तीच पदवी घेणे कमी क्षमतेच्या माणसाला जास्त महाग पडले पाहिजे. येथे खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. अभ्यासाचे कष्ट, शिकवण्या, राहिलेले विषय पुन्हा देणे, त्यात गेलेली वर्षे आणि त्या वर्षांत बुडालेली कमाई हे सारे त्यात येते. सर्वांना सारखीच पडणारी फी संकेत घडवत नाही. संकेत घडतो तो खर्चातल्या फरकामुळे.

पदवीवरून दोन गट वेगळे ओळखू येतात, असा समतोल कसा काढायचा ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. कामगार दोन प्रकारचे आहेत. उच्च क्षमतेचा कामगार नोकरीच्या संपूर्ण काळात मालकाला १६ लाख रुपयांचे काम देतो, कमी क्षमतेचा १० लाखांचे. शिक्षणाचे प्रत्येक वर्ष उच्च क्षमतेच्या कामगाराला २ लाखांना पडते, कमी क्षमतेच्या कामगाराला ३ लाखांना. मालक अनेक आहेत आणि त्यांच्यात चढाओढ आहे, म्हणून ज्याची जेवढी उत्पादकता अपेक्षित तेवढाच पगार त्याला मिळतो. शिक्षणाची वर्षे e मानू.

विभाजक समतोलात दोन्ही गट वेगवेगळे शिक्षण घेतात आणि त्यावरून ओळखू येतात. कमी क्षमतेचा गट यात किती शिकेल, हे आधी ठरवून टाकावे : शून्य वर्षे. तो ओळखला जाणारच असेल, तर पगार १० लाखच राहतो. मग शिकण्यावर खर्च कशाला करायचा? आता मालकांनी एक उंबरठा मानला आहे असे धरू. e किंवा त्याहून जास्त वर्षे शिकलेल्याला ते उच्च क्षमतेचा समजून १६ लाख देतात, त्याखालच्या सर्वांना १० लाख. हा समज टिकण्यासाठी दोन अटी लागतात. कमी क्षमतेच्या कामगाराला नक्कल परवडता कामा नये :

१६ − ३e ≤ १०, म्हणजे e ≥ २

आणि उच्च क्षमतेच्या कामगाराला शिकणे परवडले पाहिजे :

१६ − २e ≥ १०, म्हणजे e ≤ ३

म्हणून २ ते ३ वर्षांमधला कोणताही उंबरठा विभाजक समतोल देतो. उंबरठा २ वर्षांचा असताना कोणाच्या हातात किती उरते, ते असे (लाख रुपये) :

| शिक्षणाची वर्षे | पगार | उच्च क्षमता | कमी क्षमता |
|---|---|---|---|
| ० | १० | १० | १० |
| १ | १० | ८ | ७ |
| २ | १६ | १२ | १० |
| ३ | १६ | १० | ७ |

उच्च क्षमतेचा कामगार २ वर्षे निवडतो. कमी क्षमतेच्या कामगाराला ० आणि २ वर्षे सारखीच वाटतात. अशा बरोबरीत तो शिकत नाही असे मानण्याचा प्रघात आहे. मालकाने जे गृहीत धरले तेच प्रत्यक्षात दिसते, म्हणून त्याला आपला समज बदलण्याचे कारण उरत नाही. समतोल या शब्दाचा अर्थ इथे एवढाच आहे.

हे गणित करताना एक चूक वारंवार होते. नक्कल करून हाती काय उरेल, याची तुलना लोक सरासरी पगाराशी करतात. विभाजक समतोलात सरासरी पगार कोणालाच मिळत नाही. न शिकलेल्याला १० लाखच मिळतात, म्हणून दोन्ही अटींच्या उजव्या बाजूला १० हवेत. दुसरी खूण अशी की खर्च उलटे मांडले गेले, तर e ≥ ३ आणि e ≤ २ असे एकमेकांना छेद देणारे उत्तर येते. असे उत्तर आले, की एक तर आकडे उलटले आहेत किंवा त्या बाजारात विभाजक समतोल शक्यच नाही.

दोन ते तीन वर्षांच्या पट्ट्यात खरा उंबरठा कोणता? येथे इन-कू चो आणि डेव्हिड क्रेप्स यांनी १९८७ साली मांडलेला निकष कामी येतो. समजा, बाजारात ३ वर्षांचा उंबरठा रूढ आहे आणि अडीच वर्षे शिकलेला एक उमेदवार मालकासमोर येतो. तो कमी क्षमतेचा असता आणि मालकाने त्याला १६ लाख दिले असते, तरी त्याच्या हाती ८.५ लाख उरले असते. घरी बसून १० मिळत असताना तो ही वाट धरणार नाही. उच्च क्षमतेच्या माणसाला मात्र ११ लाख उरतात, ३ वर्षे शिकून उरणाऱ्या १० पेक्षा जास्त. म्हणजे समोरचा उच्च क्षमतेचाच असणार, आणि विचारी मालक त्याला १६ लाख देईल. हाच युक्तिवाद पुढे नेला की उंबरठा खाली येत येत २ वर थांबतो. त्याखाली मात्र नक्कल परवडू लागते.

दोन्ही गट सारखेच शिकतात आणि सर्वांना सरासरी पगार मिळतो, त्याला एकत्र समतोल म्हणतात. हाच युक्तिवाद तोही मोडतो, आणि या सिद्धान्तातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तिथे आहे. निम्मे कामगार उच्च क्षमतेचे आहेत आणि कोणीच शिकत नाही, असे समजू. मालक सगळ्यांना सरासरी १३ लाख देतात. आता एक जण १.२ वर्षे शिकून येतो. कमी क्षमतेच्या माणसाला १६ लाख मिळूनही १२.४ उरतील, म्हणजे १३ पेक्षा कमी. उच्च क्षमतेच्या माणसाला १३.६ उरतील. मालक त्याला उच्च क्षमतेचा मानतो आणि त्याच्यासारखे इतरही त्या वाटेने जातात. मागे राहिलेल्यांचा पगार १० वर घसरतो. आता त्यांना १.२ वर्षे शिकून मिळणारे १२.४ लाख आकर्षक वाटतात, ते नक्कल करू लागतात, आणि वेगळे दिसण्यासाठी उच्च क्षमतेच्यांना उंबरठा २ वर्षांपर्यंत चढवावा लागतो. शेवटी त्यांच्या हाती १२ लाख उरतात. कोणीच शिकत नव्हते तेव्हा १३ होते. प्रत्येकाने आपल्या हिताचे पाऊल टाकले आणि दोन्ही गट आधीपेक्षा गरीब झाले. एकूण उत्पादन तर एका रुपयानेही वाढले नाही.

हे नेहमीच घडते असे नाही. उच्च क्षमतेच्या कामगारांचा वाटा एक-तृतीयांशाहून कमी असेल, तर सरासरी पगार १२ लाखांच्या खाली जातो आणि त्यांना संकेत देणे फायद्याचे ठरते. वाटा एक-चतुर्थांश असता सरासरी ११.५ लाख येते : उच्च क्षमतेच्याला अर्ध्या लाखाचा फायदा, कमी क्षमतेच्याला दीड लाखाचा तोटा. समाजाच्या दृष्टीने मात्र उच्च क्षमतेच्या प्रत्येक कामगारामागे ४ लाख खर्च झालेले असतात.

हे ४ लाख कशावर ठरतात, ते धोरण आखणाऱ्यांनी नीट पाहावे. उंबरठा म्हणजे पगारातील फरक भागिले कमी क्षमतेच्या कामगाराचा वार्षिक खर्च, ६ ÷ ३. त्याला उच्च क्षमतेच्या कामगाराच्या वार्षिक खर्चाने गुणले की संकेताची किंमत मिळते, ६ × २/३. म्हणजे किंमत ठरते ती दोन खर्चांच्या गुणोत्तरावर. सरकारने अनुदान देऊन दोघांचाही खर्च निम्मा केला, १ आणि १.५ लाख, तर उंबरठा २ वरून ४ वर्षांवर जातो. विद्यार्थ्याच्या खिशातून पूर्वीसारखेच ४ लाख जातात, सरकारचे आणखी ४ लाख जातात आणि दोन वर्षे जास्त लागतात. पूर्वी बारावीवर मिळणाऱ्या कामाला पदवीची अट लागते, यामागे इतर कारणेही असतात. पण हे गणित त्यांपैकी एक आहे. अर्थात शिक्षणाने काहीच उत्पादकता वाढत नाही, या गृहीतकावरच हा निष्कर्ष उभा आहे.

खर्चातला फरक क्षमतेमुळे न येता घरच्या परिस्थितीमुळे येत असेल, तर संकेत बिघडतो. कर्ज काढून किंवा रात्रपाळी करून शिकणाऱ्या हुशार मुलीला एक वर्ष साडेतीन लाखांना पडत असेल, तर दोन वर्षांनंतर तिच्या हाती ९ लाख उरतात आणि न शिकता १०. ती शिकणार नाही आणि मालक तिला कमी क्षमतेची समजेल. उलट ज्याला घरचा आधार असल्याने एक वर्ष २.५ लाखांनाच पडते, त्या कमी क्षमतेच्या मुलाला ११ लाख उरतात. पदवीवरून मग क्षमतेइतकीच घरची ऐपत दिसू लागते.

प्रत्यक्षात संकेताचा परिणाम मोजणे अवघड असते, कारण पदवीधराला जास्त पगार मिळतो हे निरीक्षण ‘शिक्षणाने कौशल्य वाढते’ या सिद्धान्ताशीही जुळते. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी जीईडी ही परीक्षा आहे आणि तिच्या उत्तीर्णतेची किमान पातळी एकेकाळी राज्यागणिक वेगळी होती. जॉन टायलर, रिचर्ड मर्नेन आणि जॉन विलेट यांनी याचा उपयोग करून घेतला : सारखेच गुण असलेली दोन मुले, एकाला प्रमाणपत्र मिळाले आणि दुसऱ्याला नाही, केवळ राज्य वेगळे म्हणून. कौशल्य सारखे असल्याने उरलेला फरक संकेताचा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तरुण श्वेतवर्णीय उमेदवारांची कमाई प्रमाणपत्रामुळे १० ते १९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अल्पसंख्याक गटांत मात्र असा ठोस परिणाम आढळला नाही. याउलट डेमन क्लार्क आणि पाको मार्टोरेल यांनी २०१४ साली शालान्त परीक्षेत काठावर पास आणि काठावर नापास झालेल्यांची तुलना केली, तेव्हा शालेय पदविकेला संकेत म्हणून फारशी किंमत दिसली नाही.

संकेताचे वजन काळानुसारही बदलते. जोसेफ आल्टोन्जी आणि चार्ल्स पियरे यांच्या २००१ सालच्या अभ्यासात अमेरिकी तरुणांचा अनुभव वाढला, तसा पगार ठरवण्यात शिक्षणाचा वाटा घटला आणि मालकाला सुरुवातीला न दिसणाऱ्या चाचणी-गुणांचा वाटा वाढला. काम पाहून मालक शिकत असतो. वरच्या उदाहरणात कामगाराची खरी क्षमता लवकर उघड होत असेल आणि त्यामुळे संकेतावर अवलंबून असलेला पगाराचा फरक ६ ऐवजी ३ लाखच असेल, तर उंबरठ्याचा पट्टा १ ते १.५ वर्षांवर येतो. उच्च क्षमतेच्या कामगाराला मग एकाच वर्षाचे, म्हणजे २ लाख रुपये संकेतावर घालवावे लागतात.