वयानुसार विश्रांतीतील नाडी आणि रक्तदाब

माणूस किमान पाच मिनिटे शांत बसल्यावर किंवा पडल्यावर दर मिनिटाला नाडीचे जेवढे ठोके मोजले जातात, ती विश्रांतीतील नाडी. त्याच अवस्थेत दंडावर पट्टा बांधून मोजलेले दोन आकडे म्हणजे रक्तदाब. हृदय आकुंचन पावताना धमनीत जो दाब चढतो तो वरचा आकडा, दोन ठोक्यांच्या मधे जो उरतो तो खालचा, आणि दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वय वाढते तशी नाडी उतरत जाते आणि दाब चढत जातो. त्यामुळे 'नॉर्मल किती?' या प्रश्नाला वय विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मात्र लहानपणी दाब चढतो ती वाढ असते. उतारवयात चढतो तो बहुतेकांच्या बाबतीत धमन्यांचा आजार असतो. नोंदवहीत हे दोन चढ सारखेच दिसतात आणि गल्लत तिथेच होते.

नवजात बाळाचे हृदय एका ठोक्याला जेमतेम चार-पाच मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मोठ्या माणसाचे सुमारे सत्तर ढकलते. बाळाला ठोक्याचा आकार फारसा वाढवता येत नाही, म्हणून शरीराची गरज ते ठोक्यांच्या संख्येवर भागवते. शांत असताना 100 ते 160 ठोके हे नवजात बाळाला साजेसेच आहेत. पहिल्या महिन्यात नाडी उतरण्याऐवजी थोडी वाढते, सरासरी 145 च्या आसपास जाते, आणि मग हळूहळू उतरू लागते. दोन वर्षांच्या मुलाची सरासरी 113 च्या जवळ असते. शाळेत जाणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाची 75 ते 115 मधे असते, आणि बाराव्या वर्षानंतर मोठ्यांचीच 60 ते 100 ही मर्यादा लागू होते. रडणारे मूल मोजले तर यातला एकही आकडा खरा ठरत नाही. तापातही दर सेल्सिअस अंशाला साधारण दहा ठोके वाढतात. म्हणून मूल आईच्या मांडीवर झोपले असेल तेव्हा, पूर्ण एक मिनिट मोजणे चांगले. श्वास आत घेताना मुलाची नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते. बोटांना हे स्पष्ट कळते, आणि ते निरोगीच आहे.

दाबाची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा वरचा दाब 65 ते 75 च्या घरात असतो, वर्षाच्या बाळाचा नव्वदीच्या आसपास, आणि दहा वर्षांच्या मुलाचा साधारण 100 ते 110 वर 60. एक ते दहा वर्षांसाठी डॉक्टर तोंडी एक हिशेब ठेवतात: वयाची दुप्पट करून त्यात 90 मिळवले की वरच्या दाबाची सरासरी येते, 70 मिळवले की खालची हद्द. वरची हद्द मात्र अशी तोंडी सांगता येत नाही. ती मुलगा की मुलगी, वय किती आणि उंची किती, यावरून तक्त्यात पाहावी लागते. पाच वर्षांच्या मुलाचा दाब शांत असताना वारंवार 116 वर 76 भरला तर तो वाढलेला आहे, आणि त्याचे मूत्रपिंड तपासावे लागते. हाच आकडा त्याच्या बापाचा असता तर कोणी दुसऱ्यांदा पाहिलाही नसता. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचे आकडे वापरतात.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईबापांनी पक्की ध्यानात ठेवावी असे मला वाटते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की मुलाचे शरीर धमन्या आवळून दाब टिकवून धरते. दाब पडतो तो अगदी शेवटी. म्हणजे चार वर्षांचे मूल मलूल आहे, हातपाय गार आहेत, नाडी 160 आहे आणि 'बीपी तर ठीक आहे', तर त्या ठीक बीपीवर विसंबून घरी थांबू नये. मुलामधे आधी बोलते ती नाडी.

प्रौढ वयात आकडे बरीच वर्षे फारसे हलत नाहीत. नाडी 60 ते 100, स्त्रियांची पुरुषांपेक्षा थोडी जलद, आणि दाब 120 वर 80 च्या खाली. उच्च रक्तदाब कुठून म्हणायचा याबद्दल दोन रेषा आहेत. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 2017 साली ती 130 वर 80 ला आणली, तर आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम आणि जागतिक आरोग्य संघटना 140 वर 90 धरतात. घरच्या यंत्रावर मोजत असाल तर 135 वर 85 ही रेषा. सडपातळ तरुणीचा दाब 96 वर 60 आला की 'बीपी लो आहे' म्हणून मीठ-साखरेचे पाणी पाजले जाते. तिला चक्कर, घेरी काही नसेल तर तो तिचा नेहमीचा निरोगी दाब आहे.

आपल्या भागात प्रौढांच्या आकड्यांत एक खास अडचण येते, ती पैलवानांची. सांगलीकडच्या तालमीतला पंचविशीचा मल्ल तपासणीला येतो, नाडी 50 भरते आणि दाब 148 वर 92. नाडीची काळजी नको, कसलेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते म्हणून कमी ठोक्यांवर भागवते. दाबाचे कारण आधी पट्ट्यात शोधावे. नेहमीचा पट्टा 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो आणि याचा दंड 40 चा आहे. आखूड पट्ट्याला धमनी दाबायला जास्त जोर लागतो आणि आकडा फुगतो. पट्ट्यातल्या फुग्याने दंडाचा किमान ऐंशी टक्के घेर झाकला पाहिजे. मोठा पट्टा बांधून पुन्हा मोजल्यावरही दाब वाढलेलाच राहिला, तरच तो खरा. लहान मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला की उलटे होते, आकडा खोटा कमी येतो.

पन्नाशी-साठीनंतर दोन आकड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. महाधमनी तरुणपणी रबरासारखी ताणते. ठोक्याचा जोर ती अंगात साठवते आणि ठोक्यांच्या मधल्या वेळात परत देते. तिच्या भिंतीतले लवचीक तंतू झिजले की ती ताठर होते. मग ठोक्याचा सगळा जोर एकदम उसळतो आणि वरचा दाब चढतो. साठवलेले काहीच नसल्यामुळे खालचा दाब मात्र उतरतो. चाळिशीत 130 वर 86 असलेला माणूस सत्तरीत 160 वर 74 होतो तो असा. आमच्याकडे अजूनही म्हणतात, 'शंभर अधिक वय, एवढं बीपी चालतं.' पूर्वी वैद्यकातही हा हिशेब चाले. पण हा हिशेब लोकांत काय आढळते ते सांगतो, काय निरोगी आहे ते सांगत नाही. अमेरिकेत साठीपुढच्या, फक्त वरचा दाब वाढलेल्या माणसांवर झालेल्या 'शेप' चाचणीत 1991 साली दिसले की औषधाने पक्षाघात सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ऐंशीपुढच्यांनाही उपचाराचा फायदा होतो हे 2008 च्या 'हायवेट' चाचणीने दाखवले.

म्हातारपणी नाडीची मर्यादा तीच, 60 ते 100. इथे आकड्याइतकेच तालाकडे लक्ष द्यावे. मुलाचा ताल श्वासाबरोबर बदलतो. म्हाताऱ्या माणसाच्या नाडीत कसलाच मेळ नसेल, एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, तिसरा पुसट, तर ईसीजी काढावा. तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याचा संशय असतो आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा नाडीत यंत्राचा एकच आकडा भरवशाचा नसतो, दोन-तीनदा मोजून सरासरी काढावी लागते.

हे सगळे एका माणसावर कसे उतरते ते पाहण्यासाठी पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्राचे उदाहरण घेऊ. देशात 2017 साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे होते त्यांत सातारा होता, त्यामुळे अशा ठिकाणी बीपी मोजणे आता रोजचे काम आहे. वरच्या वाडीतून 72 वर्षांच्या आजी चालत आल्या. आल्या आल्या बाकावर बसवून, चोळीच्या बाहीवरूनच पट्टा बांधला. पाठ टेकलेली नाही, पाय लोंबकळताहेत, हात मांडीवर, आणि सुनेशी बोलणे चालूच. आकडा आला 176 वर 78, नाडी 96.

सिस्टरने तो लिहिला नाही. 'आजी, मिश्री लावली होती का?' 'व्हय, वाटंतच लावली की.' भाजलेल्या तंबाखूच्या या काळ्या पुडीने नाडी आणि दाब दोन्ही चढतात, आणि तो चढ उतरायला अर्धा तास द्यावा लागतो. तेवढा वेळ गेल्यावर आजींना लघवीला जाऊन यायला सांगितले, पाठीच्या खुर्चीत बसवले, पाय जमिनीला टेकवले. बाही वर सरकवून पट्टा उघड्या दंडावर बांधला आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवला. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा सात-आठने वाढतो. पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग पहिला आकडा 158 वर 72, मिनिटाभराने 154 वर 70, तिसरा 152 वर 72. पहिला सोडून उरलेल्या दोनांची सरासरी 153 वर 71. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली: 78, ताल सरळ.

आता 'शंभर अधिक वय' लावले तर 172 पर्यंत चालते आणि आजींना तसेच घरी पाठवले जाते. तिकडे 176 धरला तर आजच दोन गोळ्या सुरू होतात. सिस्टरने आणखी एक मोजमाप घेतले. आजींना उभे केले, पट्टा तसाच. पहिल्या मिनिटाला 138 वर 70, तिसऱ्या मिनिटाला 130 वर 68. बसल्यापासून उभे राहीपर्यंत वरचा दाब 23 ने पडला. तीन मिनिटांत 20 किंवा त्याहून जास्त पडला तर तो उभे राहताना दाब उतरण्याचा दोष समजतात. आजींना विचारल्यावर कळले की पहाटे चुलीपाशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि लघवीला सारखे उठावे लागते म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत.

म्हणजे वरचा दाब वाढलेला आहे आणि उभे राहिल्यावर तो पडतोही. उतारवयात या दोन गोष्टी एकत्र भेटतात, कारण ताठर धमनी दोन्हीकडून दगा देते. चढलेला दाब ती झेलत नाही आणि उभे राहताना पडणारा दाब सावरत नाही. एका दिवसाच्या आकड्यावर निदान पक्के करत नाहीत. आठवड्याने मिश्रीशिवाय, सकाळी, बसून आणि उभे असे पुन्हा मोजायचे ठरले, आणि आजी दुसरी कोणती औषधे घेतात त्याच्या पुड्या बरोबर आणायला सांगितल्या. तेव्हाही 140 च्या वरच भरले तर डॉक्टर औषध थोड्या मात्रेने सुरू करतील, आणि प्रत्येक वाढीआधी उभे करून मोजतील. नोंदवहीत त्या दिवशी तिन्ही आकडे वेळेसह लिहिले गेले, आणि शेजारी 'उभे: 130/68' असे लाल पेनाने.